टीव्हीला बाहेरचे स्पीकर जोडल्यावर ओठ आणि आवाज का जुळत नाहीत, आणि ते कसे जुळवावेत

टीव्ही जसजसे पातळ होत गेले, तसतशी त्यांच्या आत चांगल्या स्पीकरसाठी जागा उरली नाही, आणि म्हणून अनेकजण साउंडबार, ब्लूटूथ स्पीकर किंवा ॲम्प्लिफायरला जोडलेले मोठे स्पीकर वापरू लागले. आवाज भरदार होतो, पण पुष्कळदा त्याबरोबर एक नवा त्रास सुरू होतो: वृत्तनिवेदकाचे ओठ मिटतात आणि शब्द त्यानंतर ऐकू येतो, किंवा दार आपटल्याचा आवाज दार चौकटीला टेकण्याआधीच येतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये `AV Sync`, `Lip Sync` किंवा `Audio Delay` अशा नावाची एक पट्टी असते. ती हलवली की काहींचे काम होते, काहींचा फरक आणखी वाढतो, आणि काहींच्या बाबतीत ती कुठेही नेली तरी उपयोग होत नाही. एकाच पट्टीचे तीन वेगवेगळे परिणाम का होतात, हे समजले की पुढची दुरुस्ती फारशी अवघड राहत नाही.

## चित्र आणि आवाज एकमेकांपासून कुठे सुटतात

कार्यक्रम टीव्हीपर्यंत पोहोचतो तेव्हा चित्र आणि आवाज यांच्यावर वेळेच्या खुणा असतात, म्हणजे कोणता आवाज कोणत्या चित्राबरोबर वाजायचा हे ठरलेले असते. त्यानंतर दोघांचे मार्ग वेगळे होतात. चित्र टीव्हीच्या आतल्या प्रक्रियेतून जाते: त्याचा आकार पडद्याइतका मोठा केला जातो, त्यातला कणीदारपणा कमी केला जातो, आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये टीव्ही स्वतः एक नवे चित्र तयार करतो. या शेवटच्या कामासाठी पुढचे चित्र हातात असावे लागते, कारण पुढे काय आहे हे माहीत असल्याशिवाय मधले चित्र काढता येत नाही. चित्रपटात सेकंदाला 24 चित्रे असतात, म्हणजे एक चित्र सुमारे 42 मिलिसेकंदांचे. तेव्हा केवळ एका चित्रासाठी थांबले तरी तेवढा वेळ जातो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. सर्व प्रक्रिया मिळून चित्राला 100 मिलिसेकंद किंवा त्याहूनही अधिक उशीर होणे असाधारण नाही.

आवाजाला इतकी प्रक्रिया लागत नाही, त्यामुळे तो लवकर तयार होतो. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर मात्र हा फरक आपल्याला कधी जाणवत नाही, कारण आपले चित्र किती उशिरा येणार हे टीव्हीला ठाऊक असते आणि तितका वेळ तो आवाज आत अडवून ठेवतो. बाहेरचा स्पीकर जोडला की या हिशेबात टीव्हीला न दिसणारा एक भाग येतो. आवाज टीव्हीतून बाहेर पडल्यानंतर तो कोणत्या स्वरूपात पाठवला गेला, बिनतारी मार्गाने गेला का, आणि स्पीकरने तो उलगडून वाजवायला किती वेळ घेतला, यावर पुढचा सारा उशीर अवलंबून असतो. टीव्हीचा हिशेब त्याच्या स्वतःच्या जोडणीपाशी संपतो.

## किती फरक झाला की तो खुपतो

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.1359 या शिफारशीत याची मर्यादा दिलेली आहे. आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला तर प्रेक्षकाला ते कळू लागते. पण आवाज मागे असेल तर साधारण 125 मिलिसेकंदांपर्यंत तो लक्षात येत नाही. दोन्ही बाजूंची सहनशक्ती इतकी असमान असण्याचे कारण सहज पटण्याजोगे आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे 30 मीटरवर कोणी टाळी वाजवली तर तिचा आवाज आपल्यापर्यंत जवळजवळ 90 मिलिसेकंदांनी पोहोचतो, आणि प्रकाश मात्र जणू तत्क्षणी येतो. किंचित मागून येणारा आवाज आपण जन्मभर अनुभवत असतो. घटनेच्या आधी येणारा आवाज निसर्गात नाहीच.

हे आकडे सरासरी प्रेक्षकाचे आहेत. संगीत वाजवणाऱ्याला किंवा ओठांकडे पाहून बोलणे समजून घेणाऱ्याला, म्हणजे ज्याला कमी ऐकू येते अशा माणसाला, याहून लहान फरकही त्रासदायक होतो. घरात तसे कोणी असेल तर मर्यादा गाठेपर्यंत न थांबता फरक शक्य तितका कमी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या सगळ्यातून व्यवहारात उपयोगी पडणारी गोष्ट एवढीच, की नेमके शून्य साधले नाही तरी चालेल, परंतु चूक राहायचीच असेल तर ती आवाज थोडा मागे राहण्याच्या बाजूची असावी.

## आवाजाला थांबवता येते, पुढे ढकलता येत नाही

दोघेजण वेगवेगळ्या रस्त्यांनी एकाच ठिकाणी निघाले आहेत अशी कल्पना करावी. जो आधी पोहोचेल त्याला तिथे थांबायला सांगता येते आणि मग दोघे बरोबर आत जातात; पण जो मागे राहिला आहे त्याला थांबायला सांगून काहीच साधत नाही. `AV Sync` ची पट्टी ही फक्त आवाजाला थांबवणारी सूचना आहे. आवाज चित्राच्या आधी येत असेल तर ती नेमके हवे ते काम करते. आवाज मागे असेल तर तीच पट्टी त्याला आणखी मागे ढकलते.

म्हणूनच सेटिंगला हात लावण्यापूर्वी दिशा ठरवणे आवश्यक आहे. आवाज आधी येत असेल तर उपाय सोपा आहे: त्याला तितके थांबवावे. आवाज नंतर येत असेल तर दोनच मार्ग उरतात. एक तर आवाजाच्या रस्त्यातली वेळखाऊ पायरी काढून टाकावी, किंवा चित्रालाच तितके थांबवावे. चित्र थांबवणे सामान्य टीव्हीच्या सेटिंगमध्ये सहसा नसते, कारण त्यासाठी पूर्ण चित्रेच्या चित्रे साठवावी लागतात. संगणकावरून कार्यक्रम लावला असेल तर मात्र ते शक्य होते, त्याबद्दल पुढे येईलच.

## दिशा आणि अंतर मोजण्याची पद्धत

नुसत्या डोळ्यांनी ठरवायला गेले तर फसगत होते. फरक असलेला कार्यक्रम काही मिनिटे पाहिला की मेंदू त्याला सरावतो आणि जुळल्याची जाणीव हळूहळू त्या फरकाकडे सरकते. पट्टी मागेपुढे करत बसलेल्या माणसाला थोड्या वेळाने सगळेच आकडे बरोबर वाटू लागतात ते यामुळेच. त्याऐवजी मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोजावे.

यासाठी एक चाचणीची चित्रफीत लागते, ज्यात ठरावीक अंतराने पडदा क्षणभर पांढरा होतो आणि त्याच क्षणी एक टूं असा आवाज येतो. अशा चित्रफिती व्हिडिओच्या संकेतस्थळांवर सहज सापडतात. ती टीव्हीवर, जोडलेल्या स्पीकरसह लावावी, आणि आपण नेहमी जिथे बसतो तिथे मोबाइल ठेवून सेकंदाला 60 चित्रांच्या गतीने तिचे चित्रण करावे. मोबाइल बसण्याच्या जागीच ठेवण्याचे कारण असे की स्पीकरपासून आपल्यापर्यंत ध्वनीला लागणारा वेळही आपल्या अनुभवाचाच भाग असतो. 3 मीटरला तो सुमारे 9 मिलिसेकंद होतो आणि तो मोजमापात आपोआप धरला जातो.

नंतर हे चित्रण अशा संपादन ॲपमध्ये उघडावे ज्यात आवाजाची लहर रेषेच्या रूपात दिसते आणि एकेक चित्र पुढे सरकवता येते. पडदा ज्या चित्रात पहिल्यांदा पांढरा दिसतो तिथपासून लहर जिथे उसळी घेते तिथपर्यंत किती चित्रे आहेत ती मोजावीत. 60 च्या गतीला एक चित्र सुमारे 16.7 मिलिसेकंदांचे असते. पाच-सहा वेळा मोजून मधला आकडा घ्यावा, कारण एकेका मोजणीत एखाद्या चित्राचा फरक पडतोच.

एक पायरी पुष्कळजण गाळतात. मोबाइल स्वतःही चित्र आणि आवाज अगदी अचूक जुळवून साठवेलच असे नाही. म्हणून त्याच सेटिंगवर, हाताच्या अंतरावर टाळी वाजवून तिचे चित्रण करावे आणि हात एकमेकांना टेकतात ते चित्र व लहरीची उसळी यांतला फरक पाहावा. तो मोबाइलचा स्वतःचा दोष होय, आणि तो पुढच्या प्रत्येक मोजणीतून वजा करावा लागतो.

## एक उदाहरण, आकड्यांसह

समजा साउंडबार टीव्हीला ब्लूटूथने जोडला आहे. टाळीच्या चाचणीत असे दिसले की मोबाइल आवाज 1 चित्र उशिरा नोंदवतो. टीव्हीच्या चाचणीत पडदा पांढरा झाल्यानंतर 12 चित्रांनी लहर उसळते. त्यातून मोबाइलचे 1 चित्र वजा केले की 11 उरतात, आणि 11 गुणिले 16.7 म्हणजे जवळजवळ 184 मिलिसेकंद. आवाज मागे आहे, आणि वर दिलेल्या 125 च्या मर्यादेच्या बराच पलीकडे आहे.

हा आकडा ब्लूटूथच्या बाबतीत मुळीच विचित्र नाही. ब्लूटूथवरून आवाज पाठवताना टीव्ही तो आधी लहान करतो, पाकिटांत बांधून रेडिओलहरींवर पाठवतो, आणि साउंडबार ती पाकिटे काही काळ साठवून मगच वाजवतो. हा साठा मुद्दाम केलेला असतो. एखादे पाकीट वाटेत हरवले तर ते पुन्हा मागवायला वेळ मिळावा आणि आवाज तुटू नये, यासाठी तो लागतो. संगीत ऐकताना या थांबण्याने काहीच बिघडत नाही, कारण तिथे जुळवायला चित्र नसते. सर्व उपकरणांना येणाऱ्या एसबीसी या मूळ पद्धतीत एकूण उशीर साधारण 150 ते 250 मिलिसेकंदांच्या घरात जातो.

आता टीव्हीची पट्टी शून्यावर आहे आणि तिथून ती फक्त वाढते. ती वाढवली तर 184 चे 200 होतील, 250 होतील. या जोडणीत पट्टीचा काहीही उपयोग नाही, आणि हे ओळखून ती तशीच शून्यावर सोडणे हीच योग्य कृती आहे.

म्हणून जोडणी बदलावी. टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआय जोडणीवर `ARC` किंवा `eARC` असे छापलेले असते ती आवाज उलट दिशेने, म्हणजे टीव्हीकडून साउंडबारकडे, पाठवू शकते. तिथे तार लावून पुन्हा मोजले. या वेळी 6 चित्रे आली. मोबाइलचे 1 वजा जाता 5, म्हणजे सुमारे 83 मिलिसेकंद. सुधारणा मोठी झाली, तरी बारकाईने पाहणाऱ्याला अजून काही खटकू शकते.

उरलेला उशीर बहुधा आवाजाच्या स्वरूपात असतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज बाहेर कोणत्या रूपात पाठवायचा हे निवडता येते, आणि तिथे `Auto`, `Dolby Digital`, `PCM` असे पर्याय दिसतात. डॉल्बी डिजिटलमध्ये आवाज 1536 नमुन्यांच्या, म्हणजे आवाजाच्या क्षणोक्षणी घेतलेल्या मापांच्या, गठ्ठ्यांत बांधलेला असतो. सेकंदाला 48,000 नमुने या नेहमीच्या गतीला एक गठ्ठा 32 मिलिसेकंदांचा होतो. काही ॲपमधला आवाज टीव्ही आधी उलगडतो आणि बाहेर पाठवताना पुन्हा डॉल्बीत बांधतो, तेव्हा बांधताना गठ्ठा भरेपर्यंत थांबावे लागते आणि साउंडबारला तो पुन्हा उलगडावा लागतो. `PCM` म्हणजे न बांधलेला, सरळ नमुन्यांचा आवाज. तो आला तसा वाजवता येतो. हा पर्याय निवडून मोजल्यावर 3 चित्रे आली, मोबाइलचे 1 वजा करून 2, म्हणजे 33 मिलिसेकंद. इतका मागे राहिलेला आवाज सहसा कोणालाही जाणवत नाही आणि इथे थांबावे.

याची एक किंमत आहे ती सांगायलाच हवी. साध्या एआरसी जोडणीवरून `PCM` आवाजाच्या दोनच वाहिन्यांचा, म्हणजे डावी आणि उजवी एवढाच, जातो, त्यामुळे ज्यांच्याकडे मागे ठेवलेले स्पीकर आहेत त्यांना सभोवतालचा आवाज गमवावा लागतो. साउंडबार दोनच वाहिन्यांचा असेल तर यात काही गमावले जात नाही. ईएआरसी ही नंतरची सुधारित जोडणी असेल, आणि टीव्ही व साउंडबार दोघांतही ती असेल, तर `PCM` मध्येही अनेक वाहिन्या पाठवता येतात आणि ही अडचण राहत नाही.

## मग काही टीव्हींच्या पट्टीवर उणे आकडा कसा असतो?

ही शंका रास्त आहे. काही टीव्हींत पट्टीच्या मध्यभागी शून्य असते आणि ती दोन्हीकडे सरकते. यात आवाज खरोखर भविष्यातून येत नाही. आपल्या चित्राच्या उशिराइतका आवाज टीव्ही मुळातच अडवून ठेवतो हे वर आलेच आहे. पट्टी उणे बाजूला नेली की तो अडवणूक कमी करतो, एवढेच. म्हणजे टीव्ही आवाज 100 मिलिसेकंद अडवत असेल तर उणे बाजूला जास्तीत जास्त 100 मिलिसेकंदच मिळतील, मग पट्टीवर छापलेला आकडा काहीही असो. तरीही ब्लूटूथ वापरण्यावाचून गत्यंतर नसेल तर हा पर्याय जरूर करून पाहावा: वरच्या उदाहरणातले 184 त्यामुळे 84 वर येतील, आणि तेवढ्याने पाहणे सुसह्य होते.

## आवाज आधी येत असेल तेव्हा

उलट परिस्थिती बहुधा तिथे दिसते जिथे डिस्क प्लेअर किंवा सेट-टॉप बॉक्स आधी ॲम्प्लिफायरला जोडलेला असतो आणि तिथून फक्त चित्र टीव्हीकडे जाते. ॲम्प्लिफायर आवाज लगेच वाजवतो आणि चित्र टीव्हीच्या प्रक्रियेत अडकलेले असते. इथे टीव्हीची पट्टी हलवून काही होत नाही, कारण आवाज टीव्हीत जातच नाही. सेटिंग ॲम्प्लिफायरमध्ये करावे लागते.

त्याच मोबाइलने मोजताना आवाज चित्राच्या 5 चित्रे आधी आला असे समजू. मोबाइल आवाज 1 चित्र उशिरा नोंदवतो, तेव्हा खरे अंतर 5 नव्हे तर 6 चित्रांचे आहे, म्हणजे 100 मिलिसेकंद. इथे वजाबाकीऐवजी बेरीज का झाली, हे क्षणभर थांबून लक्षात घ्यावे, कारण नेमक्या या ठिकाणी आकडे चुकतात: मोबाइलच्या दोषाने आवाज मागे सरकतो, आणि मुळात आधी आलेला आवाज मागे सरकला की दोघांतले अंतर खरे असते त्यापेक्षा कमी दिसते. ॲम्प्लिफायरच्या `Audio Delay` मध्ये 100 लिहावे. मी तर 115 ठेवण्याचा सल्ला देईन, म्हणजे मोजण्यातली चूक उरली तरी आवाज पुढे न राहता किंचित मागे राहील.

## टीव्ही हे आपोआप का जुळवत नाही?

तशी सोय आहे. 2006 मध्ये आलेल्या एचडीएमआय 1.3 पासून टीव्ही आपला चित्राचा उशीर किती आहे हे जोडलेल्या उपकरणाला सांगू शकतो, आणि ते उपकरण तेवढा आवाज थांबवू शकते. ॲम्प्लिफायरमध्ये हे `Auto Lip Sync` या नावाने दिसते. अडचण अशी की हा आकडा जोडणी होताना एकदाच वाचला जातो, तर टीव्हीचा खरा उशीर चित्राच्या मोडप्रमाणे बदलत असतो. पुढे एचडीएमआय 2.0 मध्ये आकडा बदलला की तो नव्याने कळवण्याची पद्धत आली, परंतु ती दोन्ही उपकरणांत असावी लागते, आणि कळवलेला आकडा खरा असावा लागतो. ब्लूटूथमध्येही स्पीकरने आपला उशीर टीव्हीला कळवण्याची तरतूद आहे. स्पीकर ती पाळत असेल आणि टीव्ही ती वाचून चित्र थांबवत असेल तरच तिचा लाभ होतो.

म्हणून आपोआप जुळवणारा पर्याय आधी चालू करून मोजावे. फरक कमी झाला तर तो तसाच ठेवावा. झाला नाही तर बंद करून हाताने आकडा द्यावा. आपोआप मिळालेला आकडा आणि हाताने दिलेला आकडा काही ॲम्प्लिफायरमध्ये एकमेकांत मिळवले जातात, त्यामुळे दोन्ही एकदम चालू ठेवल्यास पुन्हा मोजल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

## जुळवलेले पुन्हा बिघडले तर

सर्वांत जास्त वेळा याचे कारण चित्राचा मोड बदललेला असतो. व्हिडिओ गेमसाठी असलेल्या `Game` मोडमध्ये टीव्ही बहुतेक प्रक्रिया बंद करतो, आणि 100 मिलिसेकंदांचा उशीर 15 किंवा 20 वर येऊ शकतो. चित्र इतके पुढे आले, पण ॲम्प्लिफायरमध्ये आपण दिलेले 115 तसेच राहिले, तर आवाज जवळजवळ 100 मिलिसेकंद मागे पडतो. अनेक ॲम्प्लिफायरमध्ये प्रत्येक जोडणीसाठी वेगळा आकडा साठवता येतो. गेमच्या यंत्राला एक आणि डिस्क प्लेअरला दुसरा असे ते करून ठेवावे. तशी सोय नसेल तर हालचाल गुळगुळीत करणारी प्रक्रिया कायमची बंद करणे हाही चांगला मार्ग आहे, कारण त्यामुळे दोन मोडमधला फरकच कमी होतो.

एकच टीव्ही वाहिनी किंवा एकच ॲप बिघडलेले असेल आणि बाकी सर्व ठीक असेल, तर दोष पाठवणाऱ्याकडचा आहे. अशा वेळी आपले सेटिंग बदलू नये. बदलले तर उरलेले सगळे बिघडते.

## तार महाग घेतली तर?

फरक पडत नाही. ऑप्टिकल किंवा एचडीएमआय तारेतून संकेत जायला लागणारा वेळ काही मीटरांसाठी सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावा लागतो, आणि आपण सेकंदाच्या हजारांश भागांबद्दल बोलतो आहोत. उशीर तारेच्या दोन्ही टोकांना असलेल्या यंत्रांत होतो.

टीव्हीचे स्पीकर आणि बाहेरचे स्पीकर एकत्र चालू ठेवले तर मात्र एक उपयुक्त निरीक्षण करता येते. दोन्हींत साधारण 30 ते 40 मिलिसेकंदांहून अधिक अंतर असेल तर बोलण्याचा प्रतिध्वनी ऐकू येतो, आणि त्याहून कमी असेल तर कान दोन्हींना एकच आवाज मानतो. टीव्हीचा स्पीकर त्याच्या चित्राशी बहुधा जुळलेला असतो, तेव्हा मोजायला मोबाइल हाताशी नसल्यास बाहेरचा स्पीकर किती मागे आहे याचा ढोबळ अंदाज यावरून घेता येतो. रोज पाहताना टीव्हीचा स्पीकर बंदच ठेवावा.

## ब्लूटूथशिवाय इलाजच नसेल तर

श्रवणयंत्र किंवा हेडफोन वापरणाऱ्यांना तार जोडणे नेहमी शक्य नसते. त्यांच्यासाठी कमी उशिराच्या पद्धती आहेत. ॲप्टएक्स लो लेटन्सी या पद्धतीत उशीर सुमारे 40 मिलिसेकंद असतो. मात्र पाठवणारे आणि ऐकवणारे दोन्ही उपकरण तीच पद्धत समजणारे असावे लागते. एकाला ती येत नसेल तर दोघेही मुकाट्याने एसबीसीसारख्या दोघांनाही येणाऱ्या दुसऱ्या पद्धतीवर उतरतात, पडद्यावर त्याची काही सूचना येत नाही, आणि मोजल्यावरच ते कळते.

संगणकावरून पाहणाऱ्यांना वर म्हटल्याप्रमाणे चित्र थांबवण्याची सोय मिळते, कारण तिथे चित्र आणि आवाज दोन्ही एकाच प्रोग्रॅमच्या हातात असतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कळफलकावरील `J` दाबले की आवाज चित्राच्या तुलनेत 50 मिलिसेकंदांनी आधी सरकतो आणि `K` दाबले की तितकाच मागे जातो. आपल्या उदाहरणातल्या 184 साठी `J` चार वेळा दाबले तर 200 होतात आणि आवाज थोडा पुढे जातो. तीन वेळा दाबून तो 34 मिलिसेकंद मागे ठेवणे अधिक चांगले.

## जो फरक कोणत्याच पट्टीने जात नाही

आतापर्यंतचे सर्व उपाय एक गोष्ट गृहीत धरून आहेत, ती म्हणजे फरक स्थिर आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला आवाज बरोबर असतो, अर्ध्या तासाने मागे पडलेला असतो आणि शेवटी फारच मागे गेलेला असतो, असे होत असेल तर तो वेगळाच दोष आहे. त्यात उशीर झालेला नसतो, तर चित्र आणि आवाज वेगवेगळ्या गतीने चालत असतात. सेकंदाला 23.976 चित्रांसाठी बनवलेली फाइल 24 च्या गतीने चालवली आणि आवाज मूळ गतीनेच राहिला तर फरक हजारात एक इतकाच असतो, पण एका तासात तो 3.6 सेकंदांवर जातो.

हे ओळखण्यासाठी एकाच कार्यक्रमाच्या सुरुवातीला आणि शेवटाकडे मोजावे. दोन्ही आकडे सारखे आले तर पट्टीने काम होईल. शेवटचा आकडा मोठा आला तर कार्यक्रम थांबवून पुन्हा लावावा. तेवढ्याने फरक शून्यावर येऊन हळूहळू पुन्हा वाढू लागला, तर दोष प्लेअरमध्ये किंवा जोडणीत आहे आणि प्लेअरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे किंवा दुसरी जोडणी वापरणे हा मार्ग आहे. पुन्हा लावल्यावरही फाइलच्या त्याच ठिकाणी तितकाच फरक दिसला, तर दोष फाइलमध्ये आहे आणि दुसरी प्रत मिळवावी लागेल.